केळीच्या पानांचे फोटो वाढवताना लेबल कुठे बदलतं: टप्प्याटप्प्याने

केळीच्या पानांवरचा रोग ओळखणारं छोटं मॉडेल करायला घेतलेली बरीच मुलं एकाच जागी अडकतात. जळगाव, रावेर, चोपडा भागातल्या बागांमधून दोन-तीनशे फोटो मिळतात. ते कमी पडतात, म्हणून ऑगमेंटेशन लावलं जातं, म्हणजे तेच फोटो फिरवून, उलटवून, कापून, रंग हलवून मॉडेलला दाखवले जातात. फोटो भरपूर होतात, तरी नव्या बागेत नेल्यावर मॉडेल रोगट पानाला निरोगी म्हणतं. बहुतेक वेळा मॉडेलच्या रचनेत दोष नसतो. एखाद्या बदलाने फोटोतला रोग पुसला गेलेला असतो आणि फाइलवरचं लेबल मात्र तसंच राहिलेलं असतं.

कुठला बदल सुरक्षित, याची सगळ्या विषयांना चालणारी यादी नाही. पान आरशात पाहिलं तरी रोग तोच राहतो. पण वजनपावतीवरचा हाताने लिहिलेला ३ आरशात पाहिला तर ६ दिसतो. म्हणून हा लेख एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जातो.

उदाहरण असं धरू: १६ बागा, प्रत्येकी २० याप्रमाणे ३२० फोटो आणि चार लेबलं. निरोगी ११०, करपा म्हणजे सिगाटोका ११०, हरण्या म्हणजे सीएमव्ही या विषाणूचा रोग ६०, आणि पालाशची कमतरता ४०. या चारांत गल्लत झाली तर नुकसान खरं असतं. हरण्याचं झाड उपटून नष्ट करावं लागतं, पालाशच्या कमतरतेला खत द्यावं लागतं.

## टप्पा १: लेबल कशावर ठरतं ते आधी लिहून काढा

कोड उघडण्याआधी कागद घ्या. प्रत्येक लेबलापुढे तीन गोष्टी लिहा: खूण कुठल्या रंगाची, पानावर कुठे, आणि किती मोठी.

करपा: सुरुवातीला शिरांना समांतर बारीक फिकट पिवळसर रेघा, साधारण एक मिलिमीटर रुंद आणि तीन-चार मिलिमीटर लांब. पुढे त्या तपकिरी होतात, मध्ये राखाडी आणि भोवती पिवळी कड असलेले लांबट ठिपके बनतात. इथे आकार आणि बारकावा महत्त्वाचा.

हरण्या: मधल्या शिरेपासून कडेकडे जाणारे, तुटक, फिकट हिरवे-पिवळे पट्टे, मुख्यतः नव्या पानांवर. सुरुवातीच्या अवस्थेत पान वाळलेलं नसतं, ठिपका नसतो. हिरव्याच्या दोन छटांमधला फरक हाच काय तो पुरावा.

पालाशची कमतरता: जुनी पानं टोकाकडून आणि कडेने पिवळी-नारिंगी पडतात, मग वाळतात. इथे जागा महत्त्वाची. तोच पिवळा रंग कडेला न दिसता मध्येच दिसला, तर निदान बदलू शकतं. उदाहरणार्थ, मॅग्नेशियमच्या कमतरतेत कड हिरवी राहून पात्याचा मधला भाग पिवळा पडतो.

या तीन नोंदींतच पुढचे निम्मे निर्णय आहेत. ज्या गोष्टीवर लेबल ठरतं, तिला हात लावणारा बदल संशयित. करप्याला बारकाव्याचा धोका, हरण्याला रंगाचा, पालाशला कापण्याचा.

तपासा: कागदावर लिहिलेली खूण मूळ फोटोत दिसते का? केळीचं अख्खं पान दोन मीटर लांब असू शकतं. ते एका फोटोत घेऊन २२४ पिक्सेलला लहान केलं, तर एका पिक्सेलमध्ये सुमारे ९ मिलिमीटर येतात. करप्याची कोवळी रेघ त्यात शिल्लकच राहत नाही. म्हणजे ऑगमेंटेशन सुरू होण्याआधी, नुसत्या आकार बदलण्यानेच लेबल खोटं झालं. यावर उपाय फोटो काढतानाच करायचा. मधली शीर आणि एका बाजूची कड दोन्ही येतील असा साधारण ४० सेंटिमीटरचा चौरस भाग घ्या, पानाच्या कडेबाहेर पाचेक सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, आणि मॉडेलला ३८४ पिक्सेल द्या. मग एक पिक्सेल साधारण एक मिलिमीटरचा होतो. कोवळी रेघ कशीबशी, पण उरते.

## टप्पा २: वाटणी आधी, वाढवणं नंतर

क्रम इथेच सर्वाधिक चुकतो. ३२० फोटोंचे आधी ३,२०० करायचे, ते एका फोल्डरमध्ये टाकायचे आणि मग ८०-२० अशी वाटणी करायची, हे करू नका. एकाच पानाची सरळ प्रत ट्रेनिंगमध्ये, म्हणजे मॉडेल ज्यावर शिकतं त्या फोटोंत, आणि उलटवलेली प्रत व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे ज्यावर त्याला तपासतो त्या फोटोंत जाते. आकडा सुंदर येतो, आणि त्याला काही अर्थ नसतो.

वाटणी बागेनुसार करा, फोटोनुसार नाही. एका बागेतले फोटो एकाच दिवशी, एकाच मोबाइलने, त्याच मातीच्या आणि ठिबकच्या नळ्यांच्या पार्श्वभूमीवर काढलेले असतात. दहा बागा ट्रेनिंगला, तीन व्हॅलिडेशनला, तीन शेवटच्या चाचणीला. चारही लेबलं तिन्ही गटांत आहेत ना, ते मोजून घ्या. पालाशचे सगळे फोटो दोनच बागांतून आले असतील तर आणखी बागा शोधाव्या लागतील, त्याला ऑगमेंटेशनचा पर्याय नाही.

बदल फक्त ट्रेनिंगच्या फोटोंवर, आणि तेही फोटो वाचताना दर वेळी नव्याने. डिस्कवर प्रती साठवू नका. साठवल्या की कुठली प्रत कशातून आली हे दोन आठवड्यांनी कुणाला सांगता येत नाही.

सावध: पालाशचे फोटो ४०च आहेत म्हणून फक्त त्याच गटाला फिरवून-कापून ११० करायचा मोह होतो. मग फिरवल्यामुळे आलेले काळे कोपरे फक्त पालाशच्याच फोटोंत दिसतात, आणि मॉडेल "काळा कोपरा म्हणजे पालाश" असं शिकतं. बदल चारही गटांना सारखेच लावा. कमी असलेला गट जास्त वेळा दाखवायचा असेल तर ते काम PyTorch मधल्या `WeightedRandomSampler` कडे द्या.

## टप्पा ३: बदलांचे तीन ढीग करा

कागद पुढे ठेवून प्रत्येक बदल एकेका लेबलाला लावून पाहा. आपल्या उदाहरणात ढीग असे पडतात.

### निःशंक वापरा

आडवं आणि उभं फ्लिप, तसंच ९०, १८०, २७० अंशांत फिरवणं. पान डावीकडून पाहिलं किंवा उलटं धरलं तरी हरण्याचा पट्टा मधल्या शिरेपासून कडेकडेच जातो आणि पालाशची पिवळी पट्टी कडेलाच राहते. चौरस फोटोत हे बदल एकही पिक्सेल नवा बनवत नाहीत, म्हणून ते सगळ्यात स्वच्छ. नुसत्या फ्लिप आणि काटकोनी फिरवण्यातून एका फोटोची आठ वेगळी रूपं मिळतात. लहान डेटासेटला एवढ्यानेही चांगला आधार मिळतो.

### मर्यादेत वापरा

कापणं, म्हणजे क्रॉप. torchvision मधल्या `RandomResizedCrop` ची मूळ मर्यादा `scale=(0.08, 1.0)` आहे. म्हणजे फोटोच्या फक्त ८ टक्के क्षेत्रफळाचा तुकडाही निवडला जाऊ शकतो. आपल्या ४० सेंटिमीटरच्या चौरसात त्याची बाजू साधारण ११ सेंटिमीटर येते. आता पालाशचं पान घ्या. फोटोच्या कडेपासून ५ सेंटिमीटर मोकळी जागा, त्यानंतर ३ सेंटिमीटर रुंदीची पिवळी पट्टी, मग हिरवं पातं. ११ सेंटिमीटरचा तुकडा ४० सेंटिमीटरमध्ये कुठेही सुरू होऊ शकतो, म्हणजे ० ते २९ च्या दरम्यान. पट्टीचा थोडासा तरी भाग हाती यायला तो पहिल्या ८ सेंटिमीटरच्या आत सुरू व्हायला हवा. उरलेल्या २१ सेंटिमीटरमध्ये सुरू झाला तर तुकड्यात फक्त हिरवं पान येतं, आणि त्यावर लेबल "पालाशची कमतरता". २९ पैकी २१, म्हणजे इतका लहान तुकडा पडला की जवळपास तीन-चतुर्थांश वेळा आपण मॉडेलला खोटं सांगतो.

हीच मर्यादा `scale=(0.7, 1.0)` केली आणि सोबत `ratio=(1.0, 1.0)` दिलं की तुकड्याची बाजू मूळच्या किमान ८४ टक्क्यांच्या आसपास राहते. एका बाजूने जास्तीत जास्त साडेसहा सेंटिमीटर कापले जातात. त्यात ५ मोकळी जागा आणि पट्टीचा दीडच सेंटिमीटर जातो, अर्धी पट्टी उरते. `ratio` दिलं नाही तर तुकडा लांबटही निघतो, मग एका बाजूने अकरा सेंटिमीटरपर्यंत कापलं जाऊन पूर्ण पट्टी जाऊ शकते. हा हिशेब तुमच्या स्वतःच्या फोटोंवर करा. कडेबाहेर मोकळी जागाच ठेवली नसेल तर ०.७ ही धोक्याचं, मग ०.९ वर थांबा.

रंगछटा, म्हणजे ह्यू. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते सगळ्यात कमी दिसतं. ह्यू हा ३६० अंशांच्या चक्रावर मोजतात. पिवळा ६० अंशांच्या आसपास, शुद्ध हिरवा १२० ला, केळीचं निरोगी पान बऱ्याचदा या दोघांच्या मध्ये. `ColorJitter(hue=0.1)` लिहिताना ०.१ किरकोळ वाटतं, पण ते ३६० चा दहावा भाग आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना ३६ अंश. ५५ अंशांचा पिवळा पट्टा ९१ वर जातो, हिरवा होतो. उलट बाजूने ९० अंशांचं निरोगी पान ५४ वर येतं, पिवळं पडतं. एकच बदल दोन गटांना एकमेकांत मिसळतो.

Albumentations ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. `HueSaturationValue` मध्ये `hue_shift_limit=20` ही मूळ मर्यादा असते आणि ती साध्या ८ बिट फोटोत ओपनसीव्हीच्या १८० च्या चक्रावर मोजली जाते. म्हणजे प्रत्यक्षात ४० अंश.

मग मर्यादा किती ठेवायची? ती अंदाजाने ठरवू नका, बागेत मोजा. एकच निरोगी पान सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी, शक्य तर दोन वेगळ्या मोबाइलवर टिपा. फक्त पात्याचा भाग कापून घ्या आणि मधला ह्यू काढा:

```python
import cv2, numpy as np
hsv = cv2.cvtColor(cv2.imread("paan.jpg"), cv2.COLOR_BGR2HSV)
print(np.median(hsv[..., 0]) * 2)
```

उत्तर अंशांत येतं. समजा आकडे ८४, ९० आणि ९५ आले. म्हणजे उजेड आणि मोबाइल मिळून रंग मधल्यापासून पाच-सहा अंश हलवतात. तेवढाच बदल मॉडेलला शिकवायचा आहे, त्याहून जास्त नाही. `hue=0.02` म्हणजे सात अंश, इथे ते पुरे.

उजेड आणि कॉन्ट्रास्ट. वीस टक्क्यांपर्यंत ठीक. मे महिन्यातल्या उन्हात काढलेला फोटो आधीच पांढुरका असेल, त्यावर आणखी उजेड चढला की निरोगी पानही फिकट दिसतं आणि हरण्याच्या पट्ट्याचा फरक मिटतो. असे उडालेले फोटो वेगळे काढा. आणखी एक: सगळे फोटो मृगबागेचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीचे असतील, तर उजेड कमी-जास्त करून कांदेबागेचे, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपासच्या लागवडीचे फोटो तयार होत नाहीत. वाढीची अवस्था वेगळी, हवा वेगळी. तिथे पुन्हा जाऊनच फोटो काढावे लागतात.

कमी-जास्त अंशांत फिरवणं. दहा-पंधरा अंश चालतील, पण रिकामे कोपरे कसे भरले जातात ते पाहा. आरशासारखं भरण्याचा पर्याय इथे वापरू नका. कडेची पिवळी पट्टी कोपऱ्यात दुमडून पुन्हा उमटते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पान दिसतं. कडेचा रोग पात्याच्या मध्ये आला. साधा एकच रंग भरा, तोही सगळ्या गटांना.

### बंद ठेवा

काळं-पांढरं करणं, रंग उलटे करणं, सोलराइज, पोस्टराइज. हरण्याचा पुरावाच छटेत आहे, तो यात जातो. म्हणून `RandAugment` किंवा `AutoAugment` तयार मिळतं तसं लावू नका, सोलराइज आणि पोस्टराइज त्यांच्या यादीत आहेतच.

ब्लर नको. एक मिलिमीटरची रेघ एका पिक्सेलवर उभी आहे, थोडासा ब्लरही तिला पुसतो. `RandomErasing` मूळ मर्यादेत फोटोचा ३३ टक्के भाग झाकू शकतं. पान करप्याने भरलेलं असेल तर हरकत नाही, पण ज्या पानावर कोपऱ्यात तीनच ठिपके आहेत तिथे तेच झाकले जातात. कटमिक्समध्ये दोन फोटोंचे तुकडे जोडून क्षेत्रफळानुसार लेबल वाटतात. रोग पानभर सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे तीस टक्के तुकडा आला म्हणजे तीस टक्के रोग आला असं होत नाही.

## टप्पा ४: लेबल नावाऐवजी आकडा असेल तर

काही जण करप्याची तीव्रता ओळखायला मॉडेल करतात, त्यासाठी अख्ख्या पानाचे मोठ्या आकारातले फोटो घेतात. तिथे वरचे ढीग पुन्हा लावावे लागतात. ० ते ६ च्या प्रचलित श्रेणीत पानाचा ६ ते १५ टक्के भाग बाधित असेल तर श्रेणी ३, १६ ते ३३ टक्के असेल तर ४. समजा पान १२ टक्के बाधित आहे आणि बहुतेक ठिपके टोकाकडच्या अर्ध्या भागात आहेत. क्रॉपमध्ये तोच अर्धा भाग आला तर बाधित भाग २० टक्क्यांच्या पुढे जातो, दिसते श्रेणी ४, लिहिलेली ३. दुसरा अर्धा आला तर जवळजवळ निरोगी.

त्यामुळे तीव्रतेसाठी क्रॉप पूर्ण बंद. फ्लिप आणि काटकोनी फिरवणं चालतं, कारण टक्केवारी बदलत नाही.

## टप्पा ५: कोड

वरच्या निर्णयांचं चार गटांसाठीचं रूप:

```python
from torchvision import transforms as T

train_tf = T.Compose([
    T.RandomResizedCrop(384, scale=(0.7, 1.0), ratio=(1.0, 1.0)),
    T.RandomHorizontalFlip(),
    T.RandomVerticalFlip(),
    T.RandomApply([T.RandomRotation((90, 90))], p=0.5),
    T.ColorJitter(0.2, 0.2, 0.1, 0.02),
    T.ToTensor(),
])
val_tf = T.Compose([
    T.Resize((384, 384)),
    T.ToTensor(),
])
```

`ColorJitter` मधले आकडे क्रमाने उजेड, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन आणि ह्यू यांचे. तयार मॉडेल वापरत असाल तर त्याचं नॉर्मलायझेशन दोन्हीकडे शेवटी जोडा.

सावध: व्हॅलिडेशनमध्ये `CenterCrop` जिथून-तिथून उचलून चिकटवलेलं असतं. ते चारही कडा कापतं. पालाशची खूण कडेलाच असते, मग मॉडेल बरोबर असूनही आकडा पडलेला दिसतो.

## टप्पा ६: जाणकाराला नाव न सांगता दाखवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मला सगळ्यात जास्त विश्वास याच टप्प्यावर आहे. बदललेले ४० फोटो आणि न बदललेले २० फोटो एकत्र मिसळा, नावं काढून टाका, आणि केळी कळणाऱ्या माणसाला दाखवा. फोटो मॉडेलला जातो त्याच ३८४ पिक्सेलचा असू द्या. मोठ्या पडद्यावर मूळ फोटो दाखवलात तर चाचणी निरर्थक होते. उत्तरं पाच ठेवा: चार लेबलं आणि "सांगता येत नाही".

चोपड्याकडच्या एका आप्पांना मी अशी थप्पी दाखवली होती. हरण्याचे म्हणून ठेवलेले फोटो एकामागून एक बाजूला सारत ते म्हणाले, "भाऊ, हाई पान ते चांगलं शे." ते फोटो मी ह्यू ०.१ ने हलवलेले होते. माझ्या फाइलमध्ये त्यांच्यावर हरण्याच लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून मी ह्यूची मर्यादा मोजल्याशिवाय लावत नाही.

न बदललेले २० फोटो यासाठी की जाणकारही चुकतो. समजा त्यातले २ चुकले. मग बदललेल्या ४० मध्ये चारेक चुका त्याच्या खात्यावर. पण १० चुकले, तर उरलेल्या चुका तुमच्या बदलाच्या आहेत. आता कुठलं लेबल कुठे गेलं ते पाहा. हरण्या निरोगी दिसू लागला असेल तर ह्यू किंवा उजेड तपासा. पालाश निरोगी दिसत असेल तर क्रॉप. करपा निरोगी दिसत असेल तर फोटोचा आकार किंवा ब्लर.

## टप्पा ७: एकेक बदल जोडा, गटवार मोजा

पहिलं ट्रेनिंग एकही बदल न लावता. मग फक्त फ्लिप. मग क्रॉप. मग रंग. प्रत्येक वेळी एकूण अचूकता न बघता गटवार मोजा: हरण्याचे खरे फोटो किती, त्यातले पकडले किती.

व्हॅलिडेशनमध्ये तीन बागांचे ६० फोटो आहेत. त्यात पालाशचे सात-आठ. एक फोटो इकडचा तिकडे झाला की त्या गटाचा आकडा बारा-चौदा टक्क्यांनी हलतो. म्हणून प्रत्येक मांडणी किमान तीन वेगळ्या सीडने, म्हणजे यादृच्छिक निवडीच्या तीन वेगळ्या सुरुवातींनी चालवा, आणि एका फोटोच्या फरकावर निर्णय घेऊ नका. शक्य असेल तर व्हॅलिडेशनच्या बागाही आळीपाळीने बदला.

ऑगमेंटेशन लावल्यावर ट्रेनिंगची अचूकता व्हॅलिडेशनपेक्षा कमी दिसू शकते. बदललेले फोटो मूळपेक्षा अवघड असतात, त्यामुळे एवढ्याने घाबरू नका. लेबल बिघडल्याची खूण वेगळी असते. रंगाचा बदल जोडताच एकूण आकडा जागच्या जागी राहतो किंवा किंचित वाढतो, पण हरण्याचे फोटो "निरोगी" रकान्यात सरकायला लागतात, आणि तेही तिन्ही सीडमध्ये. निरोगी आणि करपा मिळून ३२० पैकी २२० फोटो असल्यामुळे एकूण आकडा ही घसरण झाकून टाकतो.

असं दिसलं की तो बदल काढून पुन्हा चालवा. हरण्या परत जागेवर आला तर कारण सापडलं. मर्यादा निम्मी करून टप्पा ६ ची थप्पी फक्त त्या गटासाठी पुन्हा दाखवा. नाही आला, तर ट्रेनिंगमधले हरण्याचे मूळ फोटो उघडून एकेक पाहा. ६० च्या गटात चार-पाच फोटोंवर मुळातच चुकीचं लेबल असणं अगदी शक्य आहे. चाचणीसाठी ठेवलेल्या तीन बागा मात्र तोवर उघडू नका. सगळ्या मर्यादा पक्क्या झाल्यावर त्या एकदाच वापरायच्या.